पाटी मराठीत, पत्र इंग्रजीत

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कोणी एमआयडीसीत कामाला आहे किंवा लागणार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि एचआरमध्ये बसणारे आमचे जे मित्र आहेत त्यांनी तर नक्की वाचा. राग आला तरी चालेल.

आधी माझं सांगतो, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको. मी चौदा वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. नवीन पोरगं आलं की त्याच्यापुढे तीन पानांचं इंग्रजी पत्र ठेवायचं, पेन द्यायचं आणि बोट ठेवून सांगायचं, "इथे, इथे आणि शेवटच्या पानावर." चौदा वर्षांत अशी किती पत्रं सह्या करून घेतली याचा हिशोब नाही. वाचून दाखव असं मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी वाचून दाखवलं नाही. एखाद्याने विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "काही नाही रे, सगळ्यांना सारखंच असतं."

आता गोष्ट. आमच्या शिवथरमधलाच मुलगा, नाव सांगत नाही. आयटीआय करून १ ऑगस्ट २०२३ ला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला. कंपनीत दीडशेच्या वर कामगार. पत्रात सहा महिने प्रोबेशन लिहिलेलं, एवढं त्याला कळलं होतं कारण 'सिक्स मंथ्स' त्याला वाचता येत होतं. ३१ जानेवारी २०२४ ला सहा महिने झाले. कोणी काही बोललं नाही, पगार वेळेवर आला. पोराने समजून घेतलं की आपण परमनंट झालो. फेब्रुवारीत आमच्याकडे पेढे आले. मार्चमध्ये बिरवाडीपर्यंत रोज ये-जा करायला हप्त्यावर मोटरसायकल घेतली. आणि जूनमध्ये एका संध्याकाळी फोन, "उद्यापासून येऊ नको. शुक्रवारी येऊन हिशोब घेऊन जा."

तो आईला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, परमनंट माणसाला महिनाभर आधी सांगायला लागतं ना? मग मला एका महिन्याचा पगार तरी मिळेल ना?" मी पत्र मागितलं. प्लास्टिकच्या पिशवीत, दहावीच्या सर्टिफिकेटसोबत जपून ठेवलेलं. दुसऱ्या पानावर सातवा मुद्दा होता. मी वाचला आणि माझं तोंड कडू झालं, कारण शब्द ओळखीचे होते. असंच पत्र मी शेकडो वेळा समोर सरकवलं होतं.

तो सातवा मुद्दा इथे उच्चाराप्रमाणे देतो. पहिलं वाक्य असं: "यू विल बी ऑन प्रोबेशन फॉर सिक्स मंथ्स, विच मे बी एक्स्टेंडेड ॲट द सोल डिस्क्रिशन ऑफ द मॅनेजमेंट." दुसरं: "अनलेस कन्फर्म्ड इन रायटिंग, यू शॅल बी डीम्ड टू कंटिन्यू ऑन प्रोबेशन."

पोराने वाचले होते फक्त 'सिक्स मंथ्स'. खरी गोम दुसऱ्या वाक्यात आहे, 'डीम्ड' या एका शब्दात. त्याचं साधं मराठी असं: कंपनीने "तुला कायम केलं" असा कागद हातात दिला नाही, तर सहा महिने होवोत की सहा वर्षं, तू कच्चाच धरला जाशील. मुदत वाढवली असा कागदसुद्धा कंपनीला द्यायला नको. गप्प बसलं की मुदत आपोआप वाढते. पेढे वाटले तेव्हा पोरगं कागदावर कच्चंच होतं, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ही फक्त शब्दांची खेळी नाही. ज्या नोकरीत प्रोबेशनची कमाल मुदत ठरलेली असते आणि ती उलटूनही माणसाला कामावर ठेवतात, तिथे त्याला कायम झालेला मानावं असं म्हणायला वाव असतो, कोर्टांनी तसं म्हटलेलंही आहे. तो वाव बंद करण्यासाठीच हे दुसरं वाक्य टाकलेलं असतं. म्हणजे लिहिणाऱ्याला त्याची किंमत पक्की ठाऊक असते. सही करणाऱ्याला तेवढी ठाऊक नसते.

पुढचं वाक्य अजून बघण्यासारखं आहे. "ड्युरिंग प्रोबेशन युअर सर्व्हिसेस मे बी टर्मिनेटेड विदाउट नोटीस. यू शॅल गिव्ह थर्टी डेज नोटीस ऑर ग्रॉस सॅलरी इन लू देअरऑफ."

इथे दोन क्रियापदं नीट बघा. कंपनीच्या बाजूला 'मे' आहे, तुमच्या बाजूला 'शॅल'. इंग्रजीत दोन्ही शब्द इतके लहान की डोळा वरून घसरतो. मराठीत आणले की लपत नाहीत: कंपनीला काढता येईल, तुला द्यावी लागेल. 'येईल' ही मर्जी आणि 'लागेल' ही सक्ती, हे आमच्याकडे पाचवीतल्या पोरालाही कळतं. आणि 'सर्व्हिसेस मे बी टर्मिनेटेड' यात कोण काढणार तेच नाही. सेवा संपुष्टात येते, जणू पावसाळा संपतो तशी. मराठीत नीट लिहायला बसलात तर 'कंपनी' हा शब्द घालावाच लागतो. कंपनी तुला काढू शकेल. लगेच चेहरा दिसतो.

नोटीस या शब्दाचंही सांगतो. आमच्याकडे नोटीस म्हणजे कोर्टाची, तहसीलदाराची, नाहीतर वीज तोडण्याची. नोटीस आली म्हणजे संकट आलं. म्हणून त्या पोराच्या आईला वाटलं की पत्रात 'विदाउट नोटीस' लिहिलंय म्हणजे चांगलंच आहे, नोटीस येणार नाही! वहिनींना हसू नका. त्यांचा अर्थ त्यांच्या आयुष्यातून आलेला आहे. इथे नोटीस म्हणजे आधी कळवण्याची मुदत. तेवढे दिवस पुढचं काम शोधायला मिळतात, तेवढ्या दिवसांचा पगार मिळतो. 'विदाउट नोटीस' म्हणजे तोही आधार नाही.

आता 'इन लू देअरऑफ'. म्हणजे त्याऐवजी पैसे. मुदत पाळायची नसेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे टाकायचे. पण कोणत्या पगारावर? या पत्रात कामगाराकडून घ्यायचे ते ग्रॉसवर. आणि कायम झाल्यावर कंपनीने मुदत न देता काढलं तर कंपनी देणार ते बेसिकवर. ते पुढच्या वाक्यात होतं, आणि तिथे दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची मुदत होती. वर 'ईदर पार्टी' असं गोंडस लिहिलेलं, म्हणजे कोणत्याही बाजूने.

आकडा मांडून बघू. या पोराचा ग्रॉस १८,००० आणि बेसिक अधिक डीए १२,०००. समजा त्यानेच नोकरी सोडली असती. लोटे एमआयडीसीत बरं काम मिळालं, पण ते म्हणाले दहा दिवसांत हजर हो. तीस दिवसांची मुदत, त्यातले दहा पाळले, वीस कमी पडले. ग्रॉसवर दिवसाचे ६०० रुपये, वीस दिवसांचे १२,०००. तेच वीस दिवस कंपनीच्या बाजूने कमी पडले असते तर बेसिकवर दिवसाचे ४००, म्हणजे ८,०००. दिवस तेच, माणूस तोच, चार हजारांचा फरक फक्त एका शब्दामुळे. आणि कंपनीला हे आठ हजारही कायम झालेल्यालाच द्यायचे आहेत. कच्च्याला शून्य. सगळ्यांना कच्चं ठेवण्यात फायदा कोणाचा, ते आता वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत वाचून कोणीतरी म्हणेल, "मग काय, सही केलीय ना? संपलं." नाही, संपलं नव्हतं. आणि मला खरा राग आहे तो इथे.

महाराष्ट्रात तेव्हा ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला स्थायी आदेश लागू होते. म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स, १९४६ च्या कायद्याखालचे. कंपनीने स्वतःचे मंजूर करून घेतले नसतील तर सरकारचे नमुना आदेश लागू. आणि त्या नमुना आदेशांत कामगाराचं प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं. सहा नाही, मर्जीने वाढणारं तर नाहीच. तीन महिने अखंड काम केलं, काम बरोबर नाही म्हणून त्या आधी काढलं नाही, की त्याला लेखी कायम करायचं. मासिक पगाराच्या कायम कामगाराला काढायचं तर महिन्याची लेखी मुदत, नाहीतर महिन्याचा पगार.

मग पत्रात सहा आणि आदेशात तीन, तर खरं कुठलं? याचं उत्तर १९७३ सालीच मिळालेलं आहे. आगपेटीवाली विमको कंपनी आठवते ना, वेस्टर्न इंडिया मॅच. तिच्या एका वॉचमनला नेमणुकीच्या पत्रात सहा महिन्यांचं प्रोबेशन लिहून दिलं होतं. कंपनीच्या स्थायी आदेशात ते दोन महिन्यांचं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने सांगितलं, स्थायी आदेशाशी विसंगत अशी अट पत्रात घालून, त्यावर सही घेऊन, ती कामगारावर लादता येत नाही. एका वॉचमनसाठी झालेला निकाल. पन्नास वर्षं झाली. आमच्या टाइम ऑफिसात तो कोणालाच माहीत नव्हता, मलाही नव्हता. मला कळला तो नोकरी सुटल्यावर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच १९४६ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलेलं होतं की हे आदेश कारखान्याच्या गेटजवळ, कामगार जिथून आत जातात तिथे, खास फलकावर लावायचे. इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम १०८ होतं, तेही हेच म्हणायचं. म्हणजे कामगाराला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे ही गोष्ट काही आमच्या डोक्यातून आलेली नाही. देश स्वतंत्र व्हायच्या आधीच ती कायद्यात आली होती. पण ती भिंतीवरच्या फलकापुरती. हातात येणाऱ्या, सही करायच्या कागदाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

तो फलक किती ठिकाणी आहे? मी जिथे होतो तिथे होता. सुरक्षा केबिनच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत, काचेच्या आतून बुरशी. मराठी होतं त्यात, पण कसलं मराठी! "परिवीक्षाधीन कामगाराच्या सेवा समाप्तीबाबत..." परिवीक्षाधीन म्हणजे काय ते मलाच पहिल्यांदा विचारावं लागलं होतं.

इथे थोडं आडवळण घेतो. आपल्याच तालुक्यात रायगड आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. राज्याच्या स्वाभिमानाचं मोठं काम. पण त्यातले कितीतरी शब्द कोशातच राहिले, आणि आपण आजही नोकरी, रजा, अर्ज, हुकूम म्हणतो. पगार तर पोर्तुगीजांकडून आलेला. हे शब्द बाहेरून आले तरी आता आपले आहेत, कारण पोटाशी जोडलेले आहेत. तसेच प्रोबेशन, नोटीस, परमनंट. कंपनीतल्या प्रत्येक पोराला हे शब्द माहीत आहेत. ते बदलून परिवीक्षा आणि पूर्वसूचना करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. शब्द राहू दे इंग्रजी, वाक्य मराठीत पाहिजे. कोणी, कोणाला, किती दिवस आधी, किती पैसे, आणि नाही केलं तर काय.

म्हणून मी त्या पोराच्या पत्रातला सातवा मुद्दा कॅलेंडरच्या मागे मराठीत लिहिला. जसाच्या तसा देतो:

"पहिले सहा महिने तू प्रोबेशनवर. कंपनीला वाटलं तर ती हे महिने वाढवेल, किती ते तिच्या मर्जीवर. तुला परमनंट केल्याचं लेखी पत्र मिळेपर्यंत तू प्रोबेशनवरच, कितीही महिने झाले तरी. प्रोबेशनवर असताना कंपनी तुला कधीही, आधी न सांगता काढू शकते. तुला मात्र सोडायचं असेल तर तीस दिवस आधी लिहून द्यावं लागेल. जितके दिवस कमी पडतील तितक्या दिवसांचा पूर्ण पगार तुझ्या हिशोबातून कापतील. परमनंट झाल्यावर दोघांनाही दोन महिने आधी सांगावं लागेल. तेव्हा कंपनीने दिवस कमी दिले तर ती तुला पूर्ण पगार देणार नाही, फक्त बेसिक देईल."

एवढंच. पाच-सहा ओळी. वाचून पोरगं बराच वेळ बोललं नाही. मग म्हणालं, "काका, हे असं लिहिलेलं असतं तर मी एक ऑगस्टलाच विचारलं असतं."

काय विचारलं असतं? तीनच गोष्टी. सहा महिन्यांच्या शेवटी हो की नाही ते लेखी सांगणार का? वाढवणार असाल तर एकदाच आणि किती, ते इथे लिहिणार का? आणि मला तीस दिवस तर तुम्हालाही तीस दिवस, माझे पैसे ग्रॉसवर तर तुमचेही ग्रॉसवर, असं करणार का? नोकरी पाहिजे म्हणून त्याने तरीही सही केली असती, हे मला मान्य आहे. पण फेब्रुवारीत पेढे वाटले नसते. "साहेब, माझं कन्फर्मेशनचं पत्र?" असा दोन ओळींचा अर्ज दिला असता आणि पोच घेतली असती. मोटरसायकलचा हप्ता अंगावर घेतला नसता.

मी त्याला स्थायी आदेशांचं सांगितलं. म्हटलं, तीन महिन्यांवर तू परमनंट व्हायला पाहिजे होतास, आपण कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करू, भांडायला जागा आहे. तेव्हा त्याने पिशवीतून अजून एक कागद काढला. शुक्रवारी हिशोब घ्यायला गेला होता, तेव्हा सही करून घेतलेला. तोही इंग्रजीत. त्याला सांगितलं होतं की शेवटच्या पगाराची पावती आहे. त्यात लिहिलं होतं की मी माझ्या स्वतःच्या मर्जीने, वैयक्तिक कारणासाठी राजीनामा देत आहे आणि कंपनीकडून माझं काहीही येणं नाही.

त्यानंतर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. असा राजीनामा दबावाने किंवा फसवून घेतला हे सिद्ध करता येतं, पण ते कामगारालाच सिद्ध करावं लागतं. त्याच्याकडे ना साक्षीदार, ना फोनवरचं रेकॉर्डिंग. तो म्हणाला, राहू दे काका. आता तो पुण्याला आहे.

आता जे म्हणतील की हे जुनं झालं, नवीन कायदे आले, त्यांच्यासाठी. खरं आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात दोन गोष्टी चांगल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक झालं. आणि नोकरी सुटली, काढलं किंवा राजीनामा दिला, तरी पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पण तिसरी गोष्ट नीट ऐका. स्थायी आदेशांसाठी नव्या संहितेत आकडा आहे ३००. आपल्या महाडमध्ये तीनशेच्या खालच्या कंपन्या भरपूर आहेत. ज्या दीडशे कामगारांच्या कंपनीत पूर्वी पत्राच्या वर स्थायी आदेश होते, विमकोच्या वॉचमनसारखं भांडता येत होतं, तिथे आता पत्रात जे लिहिलं असेल त्यालाच जास्त वजन येणार. म्हणजे पत्र सक्तीचं झालं आणि त्याच वेळी पत्राच्या वरचं छप्पर काढलं. अशा वेळी ते पत्र कोणत्या भाषेत आहे हा अस्मितेचा प्रश्न राहत नाही, पोटाचा होतो.

आणि कोर्ट बघून घेईल या भरवशावर पण राहू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे ही पत्रातली अट वैध ठरवली. सार्वजनिक बँक होती, अधिकाऱ्याची नोकरी होती, त्याला इंग्रजी येत होतं, ते वेगळं. पण "अशा अटींना काही अर्थ नसतो, सोडून जा बिनधास्त" असं नाक्यावर सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सही केलेल्या अटीला अर्थ असतो.

एचआरवाल्या मित्रांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण मीही तेच म्हणायचो. पहिलं, मराठी पत्र कायद्याने चालत नाही. अहो, महाडच्या रजिस्ट्रार ऑफिसात दोन गुंठ्यांचं खरेदीखत मराठीत होतं, लाखोंचा व्यवहार त्यावर होतो. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. तिथे चालतं आणि तुमच्या अठरा हजारांच्या नोकरीला चालत नाही? दुसरं, दोन भाषांत दिलं तर अर्थावरून वाद होतील. मग लिहा ना तळाला, वाद झाला तर इंग्रजी प्रत धरली जाईल. आमची हरकत नाही. निदान वाद कशाचा आहे ते तरी कळेल. तिसरं, हेड ऑफिस मुंबईला नाहीतर अहमदाबादला, तिथून फॉरमॅट येतो. फॉरमॅट एकदाच भाषांतर करायचा आहे. सातवा मुद्दा प्रत्येक पत्रात तोच असतो, फक्त नाव आणि पगार बदलतो.

आणि गंमत बघा. त्या पोराने मोटरसायकलसाठी ज्या फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, तिला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्जदाराशी व्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल त्या भाषेत करायचा. म्हणजे कर्ज देणाऱ्याने भाषा बघायची, आणि ज्या पगारावर ते कर्ज फिटणार तो देणाऱ्याने नाही बघायची. तिथेही एक पळवाट आहे, सावध राहा. शेवटी एक ओळ छापलेली असते, "वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे." ती ओळसुद्धा बहुतेक वेळा इंग्रजीतच असते! नोकरीच्या पत्रात अशी ओळ दिसली तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

आता आपल्या पुढाऱ्यांना. २०२२ साली दुकानांच्या पाट्या मराठीत करायचा कायदा कडक झाला. चांगलंच झालं. पाट्यांसाठी आंदोलनं झाली, काळं फासलं, व्हिडिओ निघाले. मी विरोधात नाही. पण पाटी वाचून कोणाची नोकरी वाचली? एमआयडीसीच्या गेटवर कंपनीचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत आहे आणि आत टेबलावर ठेवलेला कागद इंग्रजीत. दरवर्षी आयटीआयमध्ये आणि मेळाव्यांत कंपन्या मुलं निवडायला येतात, आपले लोकप्रतिनिधी नारळ फोडायला जातात, फोटो काढतात. त्या मंचावरून एकानेही विचारलं का, की साहेब, तुमच्या पत्रातला प्रोबेशनचा आणि नोटीसचा मुद्दा मराठीत आहे का? पत्र पूर्ण नको, तेवढा एक मुद्दा, पाच-सहा ओळी. यासाठी काळं फासायला लागत नाही. मेळाव्याला परवानगी देतानाच अट घालता येते.

शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं आपण अभिमानाने सांगतो. त्यात अक्षर कसं काढावं, लिहिणं कसं नीट असावं यावर एक अख्खा समास आहे. दोन ओळींतलं अंतर कसं असावं इथपर्यंत. ज्या गावाच्या नावाशी हे जोडलेलं, त्या गावची पोरं न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतात, याची लाज मला आता वाटते. चौदा वर्षं वाटली नाही.

ज्यांच्याकडे पत्र आलंय किंवा येणार आहे त्यांनी रविवारी सकाळी घरी घेऊन या. नाव आणि पगार झाकून आणलात तरी चालेल. प्रोबेशन आणि नोटीसचा मुद्दा मी मराठीत लिहून देईन, पैसे नकोत. हिशोब घ्यायला जाणार असाल तर त्या आधी या. पेन त्यांच्याकडे असतंच.